स्केचमधली पोझ मोडते आणि चेहरा तेवढा बरोबर येतो : कंट्रोलनेट आणि आयपी-अडॅप्टर एकत्र वापरताना

एआयकडून चित्र करून घेणाऱ्यांची तक्रार नेहमी एकाच धर्तीची असते. हाताने काढलेलं कच्चं स्केच दिलं, ज्याचा चेहरा हवा त्याचा फोटो दिला, आणि चित्र आलं तर चेहरा ओळखू येतो, पण माणूस स्केचमध्ये बसलाय तसा बसलेलाच नाही. वाकलेली मान ताठ झालेली, पसरलेले हात मांडीवर आलेले, नजर थेट समोर. मग स्केचचा जोर वाढवला की पोझ येते आणि चेहरा परक्याचा होतो. चेहऱ्याचा जोर वाढवला की पुन्हा पासपोर्ट फोटो. बहुतेक जण या दोन आकड्यांमध्ये खाली-वर करत रात्र घालवतात. हा तिढा आकड्यांच्या तडजोडीने सुटत नाही, कारण दोन्ही मागण्या एकाच फेरीत, एकाच वेळी पूर्ण व्हाव्यात अशी आपली अपेक्षा असते. चित्र घडताना पोझ आधी ठरते आणि चेहऱ्याचे बारकावे मागाहून. त्याच क्रमाने काम केलं की भांडण मिटतं.

एक खरं काम घेऊन सगळं सांगतो, म्हणजे कुठला आकडा कशासाठी ते कळेल. पारोळा तालुक्यातल्या एका बचत गटाला खापरावरच्या मांड्यांसाठी पाकिटावरचं चित्र हवं होतं. गटातल्या सगळ्यांत जुन्या आजी चुलीसमोर बसून मांडा हातावर वाढवतायत, असं. ज्यांनी आपल्या खान्देशात हे पाहिलंय त्यांना ती बैठक लगेच डोळ्यासमोर येईल. पोळपाट-लाटण्याचं काम सुरुवातीपुरतंच. पुरण भरलेला उंडा थोडा लाटला की तो दोन्ही हातांवर घेऊन फिरवत फिरवत वाढवायचा, इतका की तो कोपरापर्यंत लोंबतो, आणि मग चुलीवर उपड्या ठेवलेल्या खापरावर अलगद टाकायचा. म्हणजे कोपरं बाहेर, हात छातीच्या उंचीवर पसरलेले, मान खाली आणि किंचित डावीकडे, नजर मांड्यावर. कुठल्याही मॉडेलने ही पोझ शिकलेली असण्याची शक्यता फार कमी, म्हणून ती स्केचमधूनच द्यावी लागते. आणि आजींचा फोटो होता तो पासपोर्ट साइजचा : पांढरा पडदा, खांदे सरळ, डोळे कॅमेऱ्यात. पहिलं चित्र पाहून त्यांचा मुलगा म्हणाला, "तोंड मायनंच शे, पन हात कथा ग्यात?" चेहरा आईचाच आहे, पण हात कुठे गेले : सगळी अडचण त्या एका वाक्यात आहे.

इथे सगळं कम्फीयूआयमध्ये आणि स्टेबल डिफ्यूजन १.५ वर सांगतोय. ते जुनं असलं तरी सहा-आठ जीबीच्या ग्राफिक कार्डवर चालतं आणि आपल्याकडच्या डिझाइनच्या दुकानांत तेवढंच कार्ड असतं. स्केचसाठी कंट्रोलनेटचं स्क्रिबल मॉडेल आणि चेहऱ्यासाठी आयपी-अडॅप्टरचं प्लस-फेस मॉडेल. फायलींची नावं ही :

```
control_v11p_sd15_scribble
ip-adapter-plus-face_sd15
```

आधी चेहरा बंद करून पाहा

काही बदलण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा. `KSampler` मध्ये सीड पक्कं करा, म्हणजे `control_after_generate` ला `fixed`. मग आयपी-अडॅप्टरचा नोड निवडून `Ctrl+B` दाबा. नोड बायपास होतो आणि चेहऱ्याचा फोटो पूर्ण बाहेर राहतो. आता फक्त स्केच आणि प्रॉम्प्टवर चित्र काढा.

चेहरा नसतानाही पोझ आली नाही, तर चेहऱ्याला दोष देऊ नका. स्केच मॉडेलपर्यंत नीट पोचलेलंच नाही. पोझ छान आली आणि चेहरा चालू करताच मोडली, तर फोटो ओढतोय. या दोन अडचणींचे उपाय अगदी वेगळे आहेत, आणि ही चाचणी न करता केलेला प्रत्येक बदल अंधारातला असतो. आजींच्या चित्रात दोन्ही दोष होते, म्हणून आधी स्केच.

स्केच : मॉडेलला काय दिसतं ते बघा

स्क्रिबल मॉडेलला काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघा लागतात. आपण काढतो उलटं : पांढऱ्या कागदावर काळ्या रेघा. तसाच फोटो दिला की मॉडेलला अख्खा कागद म्हणजे रेघच रेघ वाटते. चित्र धुरकट, पांढुरकं येतं किंवा पोझचा पत्ताच नसतो. `Invert Image` नोड मध्ये घाला, किंवा स्क्रिबलचा प्रीप्रोसेसर लावा, पण त्याच्या पुढे `Preview Image` जोडून निकाल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. प्रीव्ह्यूत जे दिसतं तेवढंच मॉडेलला माहीत असतं. ऑटोमॅटिक११११ किंवा फोर्ज वापरत असाल तर त्यातला `invert (from white bg & black line)` हा पर्याय याचसाठी आहे.

प्रीव्ह्यूत हमखास दिसणाऱ्या तीन गोष्टी. वहीच्या आखीव पानावर स्केच असेल तर त्या निळ्या ओळीही रेघा म्हणून येतात आणि चित्रात खिडकीचे गज किंवा लुगड्याचे पट्टे होऊन बसतात. मोबाइल धरलेल्या हाताची सावली पडली असेल तर तिची कड मोठ्या रेघेसारखी येते. आणि पेन्सिलने चाचपडत काढलेल्या दुहेरी-तिहेरी रेघा : मॉडेलला त्यातून एक हात समजत नाही, कधी दोन समजतात. उपाय साधा. कोऱ्या कागदावर, खिडकीच्या उजेडात, अंतिम रेघ स्केचपेनने एकदाच ठळक ओढा आणि पेन्सिल खोडून टाका. जे मागे आहे त्याची रेघ पुढच्या अवयवापाशी थांबवा. आजींच्या स्केचमध्ये मांड्याची कड हाताच्या आरपार काढलेली होती, त्यामुळे हात मांड्याच्या वर की खाली हे मॉडेलने दर वेळी वेगळं ठरवलं. मांड्याखालची हाताची रेघ खोडली आणि तो प्रश्न संपला.

चौथी गोष्ट प्रीव्ह्यूत दिसत नाही, म्हणून ती जास्त छळते. कम्फीयूआय स्केचचं माप कॅनव्हासशी जुळत नसेल तर ते मधोमध धरून कडा कापतं. मोबाइलचा आडवा फोटो आणि ५१२ बाय ७६८ चा उभा कॅनव्हास घेतला तर दोन्ही बाजूंची कोपरं कापली जातात. पसरलेले हात चित्रात आखडले तर सगळ्यांत आधी हेच तपासा. आम्ही कॅनव्हास ७६८ बाय ७६८ चौरस घेतला आणि स्केचही चौरसच कापलं, हातांच्या बाहेर बोटभर कोरी जागा ठेवून.

ओपनपोझ का नाही, असं विचारलं जातं. ओपनपोझचे डिटेक्टर माणसांच्या फोटोंवर शिकलेले आहेत. कच्च्या स्केचमध्ये त्यांना बऱ्याचदा माणूसच सापडत नाही आणि प्रीव्ह्यू नुसता काळा येतो. काळा म्हणजे काहीच सूचना नाही, पण वर्कफ्लो त्रुटी दाखवत नाही, निमूट चालतो. स्वतः काड्यांचा माणूस काढून दिला तरी उपयोग नाही, कारण त्या मॉडेलला प्रत्येक अवयवाचा ठरलेला रंग लागतो. शिवाय लुगड्यात मांडी घालून बसलेल्या बाईचे गुडघे त्याला कळणं कठीण. लाइनआर्टचं मॉडेल पक्क्या रेघांसाठी चांगलं, पण आपली रेघ थरथरली तर तो चित्रात थरथरलेला हातच काढतो. स्क्रिबल रेघेचा आशय घेतं आणि कंप सोडून देतं, म्हणून हाताच्या कच्च्या स्केचला तेच बरं.

स्केचबद्दल शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं : चेहऱ्यात डोळे-नाक-तोंड काढू नका. काढलेत तर स्क्रिबल त्या रेघांशी प्रामाणिक राहतं आणि फोटोतल्या चेहऱ्याला जागाच उरत नाही. दोन ठिपक्यांचे डोळे काढले की आजींच्या डोळ्यांतलं अंतर तुम्हीच ठरवून टाकलंत. पण डोकं कोणत्या दिशेला आहे ते तर सांगायला हवं. त्यासाठी बाहेरची रेघ पुरते. डोक्याचा अंडाकार खाली झुकलेला, ज्या बाजूला मान वळली आहे त्या बाजूला नाकाचा आणि हनुवटीचा छोटा उंचवटा, उलट बाजूला कान आणि मागे अंबाडा. डोक्यावर पदर असेल तर त्याची कड कपाळावर कुठे येते ती रेघ. आतली जागा कोरी. चित्रकलेच्या वर्गात शिकवतात ती चेहऱ्याच्या मधली आधाररेघही ठेवू नका, ती नाकावरची जखम किंवा गंधाची उभी रेघ होऊन येते.

फोटो : चेहऱ्याबरोबर बाकीचंही आत येतं

आता चेहरा परत चालू करा. पोझ मोडली, तर कारण फोटोत आहे.

प्लस-फेस मॉडेल चेहऱ्याची मापं घेत नाही. फोटो क्लिप व्हिजन नावाच्या एन्कोडरमधून जातो, तो २२४ बाय २२४ पिक्सेलच्या चौकोनात बसवला जातो आणि त्या चौकोनात जे असेल त्या सगळ्याचा एकत्र ठसा निघतो. त्यात नाक-डोळे असतात, तसे सरळ खांदेही असतात, पांढरा पडदाही, समोर रोखलेली नजरही आणि 'छातीपर्यंतचा फोटो' ही चौकटही. हा ठसा चित्रभर लागू होतो. म्हणून पासपोर्ट फोटो दिला की मॉडेल माणसाला पासपोर्ट फोटोत बसवायला निघतं. चूल गायब होऊन मागे पांढरी भिंत आली, तर ठसा कुठून आला हे वेगळं सांगायला नको.

त्यामुळे पहिलं काम कात्रीचं. फोटो चौरस कापा : वर केसांच्या रेषेच्या जरा वर, खाली हनुवटीपाशी, बाजूला कानांपर्यंत. मान, खांदे, कपडे काहीही नको. उभा फोटो न कापता दिला तर एन्कोडर मधला चौकोन घेतो, आणि त्यात कधी कधी कपाळ कापलं जाऊन मंगळसूत्र आत राहतं. मागचा पांढरा पडदा कोपऱ्यांत उरत असेल तर तो चित्रात हव्या असलेल्या रंगाने, म्हणजे मातीच्या भिंतीच्या तपकिरी रंगाने, भरून टाका. एवढ्यानेच ओढ बरीच कमी होते.

दुसरं काम फोटोचा कोन. स्केचमध्ये मान खाली आणि डावीकडे असेल तर तशाच मानेचा फोटो मागा. लोकांना हे सांगायला आपण कचरतो, पण मोबाइलवर मिनिटाचं काम आहे. आम्ही आजींच्या मुलाला सांगितलं, की त्यांना तांदूळ निवडायला बसवा आणि समोरून, थोडं बाजूने, डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढा. तो एक फोटो आल्यावर जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याही आकड्याने पडला नव्हता. नवीन फोटो मिळणं शक्यच नसेल, माणूस हयात नसेल, तर जुन्या फोटोंपैकी मान थोडी तरी वळलेला निवडा. तो धूसर असला तरी स्वच्छ पासपोर्ट फोटोपेक्षा बरा. दोन-तीन फोटो असतील तर एकत्र देऊन `combine_embeds` ला `average` ठेवता येतं. कोनाची सक्ती त्यामुळे सैल होते, पण चेहराही थोडा गुळगुळीत होतो. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत मला ते आवडत नाही, कारण सुरकुत्या आधी जातात.

तिसरं म्हणजे वेळ. चित्राच्या तीस पायऱ्या असतील तर पहिल्या आठ-दहा पायऱ्यांत मोठे आकार ठरतात : डोकं कुठे, हात कुठे, भिंत कुठे. त्या काळात फोटोने बोलूच नये. म्हणून आयपी-अडॅप्टरचं `start_at` ०.३ ठेवा. कंट्रोलनेट मात्र पहिल्या पायरीपासून हवं, आणि ते ०.७ ला सोडून द्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यात बोटं आणि लुगड्याच्या चुण्या आपल्या रेघेच्या जाचातून सुटतात. पहिल्या फेरीसाठी आम्ही वापरतो ते आकडे :

```
Apply ControlNet     strength 0.9   start_percent 0.0   end_percent 0.7
IPAdapter Advanced   weight 0.5     start_at 0.3        end_at 1.0
KSampler             steps 30       cfg 6
```

हे आकडे दगडावरची रेघ नाहीत, तुमच्या चेकपॉइंटनुसार थोडे सरकतील. सरकवताना एका वेळी एकच हलवा आणि सीड तेच ठेवा. `start_at` ०.३ वरून ०.४ नेल्यावरही मान वर येत असेल, तर वजन कमी करण्याआधी फोटोचा कोन पुन्हा बघा.

प्रॉम्प्टबद्दल थोडक्यात. `portrait`, `beautiful face`, `looking at viewer` असे शब्द कुठूनतरी चिकटवलेले असतील तर काढून टाका, ते पासपोर्ट फोटोचेच सोबती आहेत. मांडा, खापर हे शब्द मॉडेलला कळत नाहीत. दिसतं काय तेवढं लिहा :

```
elderly indian village woman in cotton sari sitting on floor,
looking down at her hands, large thin round sheet of dough
draped over both forearms, upturned clay pot on wood fire stove,
mud wall, morning light
```

खापर पहिल्या काही चित्रांत सरळ ठेवलेल्या वाडग्यासारखं आलं. स्केचमध्ये त्याच्या घुमटाखाली चुलीच्या दोन बाजू आणि मधली जाळाची पोकळी ठळक काढल्यावर ते उपडं झालं. मांडा पांढऱ्या ओढणीसारखा दिसण्याचा धोका शेवटपर्यंत राहतो. मला विचाराल तर तो भाग शेवटी हातानेच रंगवावा, कडेला थोडा जाड आणि मधे पुरणाचा पिवळसरपणा झिरपणारा. ज्याने मांडा खाल्लाय त्याला तो ओढणीसारखा चालणार नाही.

पहिल्या फेरीत चेहरा पूर्ण जुळावा असा हट्ट नको

इथे बहुतेकांचा धीर सुटतो. पोझ आली, मान खाली, हात पसरलेले, पण चेहरा 'आजींसारखा' आहे, आजींचा नाही. लगेच वजन ०.५ वरून ०.९ केलं जातं आणि सगळं पुन्हा कोसळतं.

वजन अपुरं नसतं, जागा अपुरी असते. ७६८ च्या चित्रात बसलेली पूर्ण बाई असेल तर डोकं साधारण ११० पिक्सेल उंच येतं. मॉडेल प्रत्यक्ष काम करतं ते आठपट लहान केलेल्या जाळीवर, म्हणजे त्या डोक्याला जेमतेम चौदा घरं मिळतात. तांदळाच्या दाण्यावर नाव लिहिताना शाई वाढवून अक्षर सुवाच्य होत नाही, तसंच हे. तेवढ्या घरांत नाकाचा बाक आणि पापणीची घडी बसतच नाही, मग वजन कितीही लावा. वाढवलेलं वजन चेहऱ्याऐवजी बाकीच्या चित्रात जाऊन पोझ बिघडवतं.

म्हणून पहिल्या फेरीतून चेहऱ्याबद्दल फक्त एवढंच मागा : डोक्याची दिशा बरोबर, वय बरोबर, रंग बरोबर. साम्य दुसऱ्या फेरीत.

दुसरी फेरी अशी. पहिल्या फेरीतलं पसंत पडलेलं चित्र घ्या. डोक्याभोवतीचा चौरस भाग, थोडी मान आणि पदर धरून, कापून ५१२ किंवा ७६८ पर्यंत मोठा करा. चेहऱ्यावर मास्क रंगवा, कपाळापासून हनुवटीपर्यंत. केसांची बाहेरची कड आणि पदर मास्कबाहेर ठेवा, कारण डोक्याची दिशा त्यांनीच बांधून ठेवलेली असते. आता आयपी-अडॅप्टरचं वजन ०.८ ते ०.९, `start_at` ०.०, आणि `KSampler` मध्ये `denoise` ०.४५. स्क्रिबल या फेरीत बंद. झालेला तुकडा लहान करून मूळ जागी चिकटवा. इम्पॅक्ट पॅकमधला `FaceDetailer` नोड हेच आपोआप करतो, ऑटोमॅटिक११११ मध्ये इनपेंटचा `Only masked` पर्याय तेच काम करतो. वाकलेल्या मानेचा चेहरा आपोआप सापडत नाही तेव्हा मात्र मास्क हातानेच काढावा लागतो.

`denoise` हा इथला कळीचा आकडा. ०.३ ला आधीचाच चेहरा राहतो, फक्त स्वच्छ होतो. ०.४ ते ०.५ मध्ये आजी दिसू लागतात आणि मान तशीच राहते. ०.६ च्या पुढे गेलात की पापण्या उघडायला लागतात, बुबुळं समोर येतात आणि पासपोर्ट फोटो परत येतो. डोळ्यांकडे बघत राहा. मान वळण्याआधी नजर वळते, त्यामुळे आकडा जास्त झाल्याची ती पहिली खूण. ०.४५ ला पूर्ण साम्य आलं नाही तर आकडा चढवू नका, आलेल्या चेहऱ्यावर तीच फेरी आणखी एकदा ०.३५ ला फिरवा. दोन हलक्या फेऱ्या एका जड फेरीपेक्षा पोझला कमी धक्का लावतात.

इथे एक सापळा हमखास लागतो. मास्क देण्यासाठी `VAE Encode (for Inpainting)` हा नोड घेतला आणि `denoise` ०.४५ ठेवला, की चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग येतो. तो नोड मास्कखालचा भाग पुसून टाकतो आणि त्याला पूर्ण १.० चा `denoise` लागतो. आपल्याला खालचा चेहरा हवा आहे, म्हणून साधा `VAE Encode` आणि त्यापुढे `Set Latent Noise Mask` वापरा.

इन्स्टंटआयडी वापरणाऱ्यांसाठी

मोठं कार्ड असलेले काही जण एसडीएक्सएलवर इन्स्टंटआयडी वापरतात. साम्य त्यात जास्त चांगलं येतं, पण पोझ मोडण्याचं कारण वेगळं आहे. तो चेहऱ्याच्या ठशाबरोबर डोळे, नाक आणि ओठांच्या कडा यांचे पाच बिंदूही घेतो, आणि वेगळं काही सांगितलं नाही तर ते बिंदू फोटोतूनच उचलतो. म्हणजे फोटोत चेहरा जिथे आणि जसा, चित्रातही तिथेच आणि तसाच. स्केच बिचारं काही करू शकत नाही. `Apply InstantID` नोडला `image_kps` नावाचं वेगळं इनपुट आहे, तिथे दुसरं चित्र द्यायचं. पण तिथे स्केच देऊ नका, कोऱ्या अंडाकारात बिंदू सापडत नाहीत. आधी फक्त स्केचवर, चेहरा बंद ठेवून एक चित्र काढा आणि ते चित्र `image_kps` ला द्या.

पैसे घेऊन काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. इन्स्टंटआयडी आणि आयपी-अडॅप्टरची फेसआयडी मॉडेलं चेहरा ओळखायला इनसाइटफेसची तयार मॉडेलं वापरतात, आणि ती व्यावसायिक वापरासाठी मोकळी नाहीत. पाकीट बाजारात विकलं जाणार असल्याने आम्ही प्लस-फेसवर थांबलो, त्याला इनसाइटफेस लागत नाही. आणि ज्यांचा चेहरा पाकिटावर जाणार त्या आजींना छापण्याआधी चित्र दाखवून होकार घेतला. मुलाचा होकार त्यांच्या होकाराच्या जागी चालत नाही.

कुठे जमत नाही

मान पूर्ण बाजूला, म्हणजे एकच डोळा दिसेल अशी असेल तर समोरच्या फोटोवरून साम्य येत नाही. बाजूचा फोटोच लागतो. चेहरा इतका खाली की कपाळ आणि नाकाचा शेंडाच दिसतो, तिथेही दुसऱ्या फेरीला धरायला काही नसतं. अशा वेळी स्केचमध्ये हनुवटी थोडी वर घ्या, बघणाऱ्याला फरक जाणवत नाही. पदराची सावली अर्ध्या चेहऱ्यावर असेल तर दुसरी फेरी ती पुसून टाकते. सावली नंतर फोटोशॉपमध्ये मल्टिप्लाय मोडच्या लेयरने परत टाकणं सोपं.

चित्रात दोन माणसं असतील, समजा आजी मांडा वाढवतायत आणि सून चुलीत सरपण सारतेय, तर एकच फोटो दोघींना लागतो आणि सून तरुण आजी होऊन बसते. पहिल्या फेरीत दोन आयपी-अडॅप्टर नोड एकापुढे एक जोडा आणि प्रत्येकाच्या `attn_mask` ला आपापल्या माणसाचा मास्क द्या. मास्कचं प्रमाण कॅनव्हासइतकंच हवं. मास्क फक्त डोक्यापुरता न ठेवता खांद्यापर्यंत घ्या, नाहीतर मानेपाशी त्वचेचा रंग तुटतो. साम्याची दुसरी फेरी मात्र एकेका चेहऱ्याची वेगवेगळी करा.